डिस्चार्जचा इंग्रजी कागद घरच्यांसाठी मराठीत कसा उतरवायचा

बेळगावात खानापूर रोडच्या बाजूला एका मेडिकल दुकानात मी अकरा वर्षं काउंटरवर उभा आहे. रोज दोन-तीन जण तरी असे येतात, हातात दवाखान्याची फाईल, खांद्यावर पिशवी, आणि म्हणतात, "दादा, ह्यात काय लिवलंय तेवढं मराठीत सांगा की." कागद इंग्रजीत, सिस्टरनं सगळं कन्नडमध्ये समजावलेलं, घरात बोलणं मराठी, आणि ज्या आज्जीला गोळ्या घ्यायच्यात तिला वाचताच येत नाही. आपल्याकडं खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगाव कुठंही जा, हीच परिस्थिती. म्हणून मी हे काम कसं करतो ते सविस्तर लिहितोय, माझ्या सख्ख्या आत्याचा कागद उदाहरण म्हणून घेऊन.

आधी एक गोष्ट सांगतो म्हणजे पुढचं सगळं कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका काकांच्या चिठ्ठीवर कोलेस्टेरॉलच्या गोळीपुढं एचएस लिहिलेलं होतं, म्हणजे रात्री झोपायच्या वेळी. मी घाईत तोंडी सांगितलं "ही झोपताना", आणि त्यांच्या मुलानं पाकिटावर पेनानं लिहिलं "झोपेची". तीन महिन्यांनी ते बाकीच्या गोळ्या न्यायला आले तेव्हा मी विचारलं की ही नको काय, तर म्हणाले अजून वीस शिल्लक आहेत, मला झोप चांगली लागते, लागली नाही तरच घेतो. तीस गोळ्या एका महिन्यात संपायला पाहिजे होत्या. हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस तीन महिन्यांत दहाच गोळ्या घेतो, आणि चूक कुणाची, तर एका शब्दाची. "झोपताना" आणि "झोपेची". ते मला अजून विसरता येत नाही, आणि तेव्हापासून मी तोंडी सांगून सोडत नाही, लिहूनच देतो.

आता आत्याचं. वय ७६, खानापूर तालुक्यातलं गाव, घरात मुलगा, सून आणि आठवीतली नात, नात कन्नड मीडियमला. आत्याला पंधरा-सोळा वर्षांची शुगर. पायाला सूज आली, रात्री उताणं झोपलं की दम लागायला लागला, म्हणून ॲडमिट केलं, हार्ट फेल्युअर निघालं, म्हणजे हृदय रक्त पुढं ढकलायला कमी पडतंय आणि पाणी अंगात साठतंय. सहा दिवसांनी घरी सोडलं आणि हातात चार पानांचा कागद दिला.

सुरुवात कुठून करायची

पहिली गोष्ट म्हणजे चारही पानं मराठीत करत बसू नका. ईको, रक्ताचे रिपोर्ट, पोटॅशियम किती, क्रिएटिनिन किती, हे पुढच्या डॉक्टरांसाठी आहे, ते इंग्रजीतच राहू दे, फाईलला लावून ठेवा. घरच्यांना तीन गोष्टी पाहिजेत: कुठली गोळी कधी किती, कुठली बंद, आणि काय झालं तर लगेच पळायचं. पण म्हणून फक्त औषधांच्या यादीचं पान वाचायचं असं नाही. वाचायची चारही पानं, लिहायचं एकच.

का ते आत्याच्या कागदावरनं सांगतो. शेवटच्या पानावर औषधांची यादी होती, सात औषधं, स्वच्छ टाईप केलेली. आतेभावानं तेवढंच पान मला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. मी म्हटलं बाकीची पण पाठव. दुसऱ्या पानावर "कोर्स इन हॉस्पिटल" म्हणून एक मोठा परिच्छेद असतो, दवाखान्यात असताना काय काय केलं त्याची हकीकत, ते कुणी वाचत नाही. त्यात मधोमध एक वाक्य होतं की पेशंटच्या ओएचए बंद करून इन्सुलिनवर घेतलंय. ओएचए म्हणजे तोंडानं घ्यायच्या शुगरच्या गोळ्या. आत्या घरी तीन औषधं एकत्र असलेली शुगरची गोळी घ्यायची, त्यात ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन. ह्यातलं पायोग्लिटाझोन अंगात पाणी धरून ठेवतं, म्हणून हार्ट फेल्युअरच्या पेशंटला ते नको असतं, आणि ग्लिमेपिराइड चालू ठेवून वर इन्सुलिन दिलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. शेवटच्या पानावरच्या यादीत ही गोळी नव्हती, पण "ही बंद करा" असंही कुठं नव्हतं. घरच्यांनी काय अर्थ काढला? नवीन सात औषधं दिलीत, जुनी शुगरची गोळी तर चालूच आहे की. फोनवर विचारलं तर सून म्हणाली, "होय, आज सकाळी पण दिली."

लगेच वॉर्डात फोन लावला. ड्युटी डॉक्टरांनी सांगितलं ती गोळी पूर्ण बंद, आणि दिवसातनं दोन-तीनदा शुगर तपासायला सांगितलं. सुदैवानं एकच गोळी गेली होती, काही झालं नाही.

म्हणून पहिलं काम हे: घरातली जुन्या औषधांची पिशवी जमिनीवर ओता. डबा, कपाट, देवघराजवळची बरणी, उशीखालचं पाकीट, सगळं. प्रत्येक पाकिटावरचं आतल्या औषधाचं नाव बघा, कंपनीचं नाव नाही. मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीनं दिलेलं नाव, त्याच्या खाली बारीक अक्षरात आतलं औषध असतं. जुन्या पाकिटावर एक नाव, नवीनवर दुसरं, आणि आत औषध एकच, असं खूपदा निघतं, मग माणूस एकाच औषधाचे दोन डोस घेतो. आतलं नाव नवीन यादीत सापडलं तर जुनं पाकीट बाजूला, आणि दवाखान्यात विचारायचं की दोन्हीतलं कुठलं. नाव यादीत नसेल तर ते "चालू" पण नाही आणि "बंद" पण नाही, ते "विचारायचं". स्वतः ठरवायचं नाही, मी पण ठरवत नाही. आत्याच्या पिशवीत गुडघ्यासाठी आणलेली दुखण्याची गोळी पण निघाली, डायक्लोफिनॅक. असल्या गोळ्यांनी अंगात पाणी साठतं आणि हार्ट फेल्युअर वाढतं. आत्यानं ती डॉक्टरांना सांगितलीच नव्हती, कारण तिच्या मते ते औषधच नाही, "ती तर दुखली की घ्याची." अशा गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं यादीत लिहून डॉक्टरांना दाखवा.

कोड वाचायचे, पण अर्थ एका शब्दात आणायचा नाही

औषधांच्या यादीत इंग्रजीपेक्षा लॅटिनची छोटी अक्षरं जास्त असतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. एचएस झोपायच्या वेळी. एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. स्टॅट म्हणजे त्याच वेळी एकदा, ते बहुतेक दवाखान्यातच दिलेलं असतं. आणि १-०-१ असं असेल तर सकाळ, दुपार, रात्र ह्या क्रमानं गोळ्यांचा आकडा. काही ठिकाणी चार आकडे असतात, १-०-१-०, तिथं चौथा आकडा कशासाठी ते दवाखान्यात विचारून घ्या, अंदाज नको.

इतकं इंटरनेटवर कुठंही मिळेल. फसवणूक पुढं आहे. "बीडी" चं मराठी "दोनदा" एवढंच होतं, कधी ते त्यात नसतं. आत्याच्या यादीत फ्रुसेमाइड ४० बीडी होतं, म्हणजे लघवी वाटे साठलेलं पाणी काढणारी गोळी. आतेभावानं लिहून ठेवलं होतं "सकाळ-रात्र", आणि रात्री नऊला जेवण झाल्यावर दिली. ही गोळी घेतली की तासाभरात लघवी सुरू होते आणि पाच-सहा तास चालते. आत्याच्या घरात संडास-बाथरूम अंगणाच्या पलीकडं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर म्हणाली, "रात्री चारदा उठून अंगणातनं जायचं गा, पडले म्हंजे कोण बघणार? मी ती रात्रीची घेणार न्हाई." म्हणजे बघा, भाषांतर अक्षराला अक्षर बरोबर, आणि पेशंट एका दिवसात अर्धा डोस बंद करायला निघाली. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले सकाळी आठ आणि दुपारी चार, संध्याकाळनंतर नको. पहिल्यांदाच "चार वाजता" लिहिलं असतं तर प्रश्नच आला नसता.

असंच "जेवणाआधी" चं. आपल्याकडं म्हातारी माणसं पहाटे पाच-साडेपाचला उठतात आणि आधी चहा, त्याच्याबरोबर बिस्कीट किंवा रात्रीची भाकरी. त्यांच्या हिशोबात ते जेवण नव्हे. मग ॲसिडिटीची गोळी "सकाळी जेवणाआधी" लिहिली की ती दुपारी बाराच्या भाकरीआधी घेतली जाते. म्हणून मी घरच्यांना आधी विचारतो की आत्याचा दिवस सांगा, कितीला उठते, चहा कधी, न्याहारी कधी, जेवण कधी, झोपते कधी. तो दिवस कागदावर मांडायचा आणि त्यात गोळ्या बसवायच्या, औषधाची यादी घेऊन तिच्यात दिवस बसवायचा नाही.

एसओएस चं सगळ्यात काळजीपूर्वक लिहा. आत्याला पॅरासिटामॉल ६५० एसओएस होतं, ताप-दुखण्यासाठी. "गरज पडली तर" एवढं लिहून चालत नाही, तीन गोष्टी लागतात: कशासाठी, दोन गोळ्यांमध्ये किती तास, आणि दिवसात जास्तीत जास्त किती. कागदावर पहिलीच होती, बाकीच्या दोन मी फोनवर विचारून घेतल्या. आत्याचं वय आणि किडनी बघून त्यांनी सहा तासांचं अंतर आणि दिवसाला तीनपेक्षा जास्त नको असं सांगितलं. तुमच्या पेशंटला हा आकडा वेगळा असू शकतो, आत्याचा उचलू नका.

कन्नडची गंमत आणि धोका

सिस्टर बोलतात ते नीट ऐकलं तर अर्धं कळतंच आपल्याला, म्हणून आपण मान हलवतो आणि तिथंच चुकतो. मध्याह्न, रात्री, नंतर, अर्ध, हे शब्द तर आपलेच. "ऊटद नंतर" म्हणजे जेवणानंतर, "ऊटद मोदलु" म्हणजे जेवणाआधी, "बेळिग्गे" सकाळी, "संजे" संध्याकाळी. पण "मात्रे" म्हणजे कन्नडमध्ये गोळी, मराठीतली मात्रा नव्हे. "एरडु मात्रे" म्हणजे दोन गोळ्या. मी एका घरात बघितलंय, मुलानं ते ऐकून "दोन मात्रा" असं लिहिलं आणि आईनं त्याचा अर्थ दोन वेळा असा घेतला. दोन वेळा एकेक का एकदाच दोन, हा फरक मोठा आहे. सिस्टर सांगत असतील तर त्यांच्यासमोर गोळी हातात धरून विचारा: "हीच? आता किती? पुन्हा कधी?" हातात वस्तू असली की भाषा आडवी येत नाही.

आकडे अक्षरात लिहा

हे मी ठासून सांगतो. आत्याची नात कन्नड शाळेत, तिथं आकडे इंग्रजी वळणाचे. देवनागरी लिपी तिला हिंदीमुळं वाचता येते, पण आपला देवनागरी एक तिला नऊसारखा दिसतो आणि देवनागरी पाच चारसारखा. आणि रात्री गोळी द्यायला नातच असते. म्हणून "एक गोळी", "अर्धी गोळी", "बारा युनिट" असं अक्षरात. अर्धी हा शब्द तर नक्कीच अक्षरात, कारण एक भागिले दोन असं आकड्यात लिहिलं की कुणीतरी "एक किंवा दोन" वाचतं. "सकाळी १" असं पण लिहू नका, ते एक वाजता वाटतं. "पाच दिवस" लिहिण्यापेक्षा शेवटची तारीख आणि वार लिहा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल करा.

इन्सुलिनला तर अजून जास्त जपायचं. आत्याच्या कागदावर सकाळी १२ आणि रात्री ८ असं होतं, जेवणाआधी अर्धा तास. पुष्कळदा हातानं लिहिताना युनिटसाठी इंग्रजी यू आकड्याला चिकटवतात आणि ते शून्यासारखं दिसतं, बारा युनिटचं एकशेवीस वाचलं जाऊ शकतं. शंका आली की विचारा. दुसरं म्हणजे बाटली आणि सिरिंज जुळली पाहिजे. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या जास्त करून एका मिलीत ४० युनिटच्या असतात, त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटची बाटली पण मिळते, तिची सिरिंज नारिंगी टोपीची. शंभरची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज घेतली आणि बारावर भरलं तर अंगात बारा नाही, तीस युनिट जातात, आणि उलटं केलं तर पाच पण जात नाहीत. म्हणून तक्त्यात नुसतं "बारा युनिट" न लिहिता मी लिहिलं: "चाळीसची बाटली, लाल टोपीची सुई, बारापर्यंत." आणि बाटलीवरचा आकडा सुनेला बोट ठेवून दाखवला.

तक्ता कसा मांडायचा

औषधाच्या नावानं नाही, वेळेनं. घरात कुणी "ॲटोरव्हास्टॅटिन कुठंय" असं विचारत नाही, "आता काय द्यायचं" असं विचारतं. एका कागदावर, एकाच बाजूला, जाड मार्करनं. आत्याचा असा झाला:

पहाटे उठल्यावर, चहाच्या अर्धा तास आधी: ॲसिडिटीची, पॅन्टोप्राझोल ४०, एक गोळी. चौदा दिवस, मग बंद (शेवटचा दिवस गुरुवार, तारीख घालून).

साडेसातला, न्याहारीआधी अर्धा तास: इन्सुलिन, चाळीसची बाटली, लाल टोपीची सुई, बारापर्यंत. न्याहारी तयार असेल तरच टोचायचं.

आठला, न्याहारीनंतर: लघवीची गोळी, फ्रुसेमाइड ४०, एक. हृदयाची गोळी, मेटोप्रोलॉल एक्सएल २५, एक, न फोडता.

दुपारी जेवण झाल्यावर: रक्त पातळ ठेवणारी, ॲस्पिरीन ७५, एक.

चार वाजता: लघवीची गोळी, फ्रुसेमाइड ४०, एक.

रात्री साडेसातला, जेवणाआधी अर्धा तास: इन्सुलिन, चाळीसची बाटली, लाल टोपीची सुई, आठपर्यंत.

रात्री अंथरुणावर जाताना, झोप लागो न लागो, रोज: कोलेस्टेरॉलची, ॲटोरव्हास्टॅटिन ४०, एक.

त्रास झाला तरच: ताप-दुखण्याची, पॅरासिटामॉल ६५०, एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये सहा तास, दिवसात जास्तीत जास्त तीन.

बंद: जुनी शुगरची गोळी. गुडघ्याची दुखण्याची गोळी.

"बंद" चा भाग लाल पेनानं, आणि ती पाकिटं घरात ठेवायचीच नाहीत. आत्यानं "महागाची गोळी, फेकू कशी" म्हणून परत कपाटात ठेवली होती, मी माझ्याबरोबर घेऊन आलो.

प्रत्येक औषधाचं इंग्रजी नाव पाकिटावर आहे तसंच, स्पेलिंग न बदलता, तक्त्यात पण लिहा. मराठी नाव घरच्यांसाठी, इंग्रजी नाव रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर तिथल्या डॉक्टरांसाठी. आणि "बीपीची गोळी" असं नुसतं लिहू नका, बीपी तपासलं आणि बरोबर आलं की माणसं गोळी सोडतात. आत्याला मेटोप्रोलॉल बीपीसाठी नव्हतं, हृदयासाठी होतं, म्हणून तेच लिहिलं.

"न फोडता" हे पण मुद्दाम आहे. एक्सएल, एसआर, ईआर अशी अक्षरं नावामागं असली की ती गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते. आपल्याकडं म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नाही म्हणून चमच्यात कुटून मधातनं द्यायची पद्धत आहे, ह्या गोळीला ते केलं तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. पॅन्टोप्राझोल पण कुटायची नाही, पोटातल्या ॲसिडनं ती बिघडू नये म्हणून वर लेप असतो. गिळायला अडचण असेल तर डॉक्टरांना सांगा, दुसरा प्रकार देतील.

लिहून झाल्यावर तपासायचं दोनदा

पहिल्यांदा दवाखान्याकडनं. तक्ता मराठीत असला तरी तो वाचून दाखवताना मी औषधाचं नाव, ताकद आणि वेळ एवढंच म्हणतो, डॉक्टर किंवा फार्मासिस्ट इंग्रजी कागदावर बोट ठेवून जुळवतात. पाच-सात मिनिटं लागतात. जमलं तर हे डिस्चार्जच्या दिवशी, बिल भरायच्या आधीच करा, कारण त्या वेळी डॉक्टर वॉर्डात असतात, एकदा बसमध्ये बसलात की मग फोन लागेल तेव्हा. जिथं माझी खात्री नसते तिथं मी तक्त्यात जागा मोकळी सोडून प्रश्नचिन्ह टाकतो. मोकळी जागा दिसली की माणूस विचारतो, चुकीचं लिहिलेलं असलं की तेच पाळतो.

दुसऱ्यांदा घरात. "समजलं काय?" असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी "होय" असतं, मोठ्या माणसासमोर कोण नाही म्हणणार. त्याऐवजी आत्याच्या हातात सगळी पाकिटं दिली आणि म्हटलं, "आत्या, समजा उद्या मी इथं नाही, तू सुनेला सांग, सकाळी उठल्यावर काय करायचं." तिनं ॲसिडिटीची बरोबर दाखवली, मग इन्सुलिनवर थांबली आणि म्हणाली, "आणि त्या दिवशी जेवायची इच्छा नसली तर?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. संकष्टी, एकादशी, वारांचे उपास, आपल्याकडं म्हातारी माणसं सोडत नाहीत. इन्सुलिन टोचून उपाशी राहिलं तर शुगर एकदम खाली जाते. डॉक्टरांनी सांगितलं, उपास करायचा असला तर आधी फोन करायचा, स्वतः डोस बदलायचा नाही. ते तक्त्यात लिहिलं. त्याच्या खाली शुगर उतरल्याची लक्षणं लिहिली: घाम, थरथर, बावचळल्यासारखं बोलणं, छातीत धडधड. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातनं, पंधरा मिनिटांनी पुन्हा शुगर बघायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

हार्ट फेल्युअरसाठी एक गोष्ट वेगळी लिहावी लागते, वजन. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं म्हणजे पाणी साठतंय, दवाखान्यात फोन करायचा. सुनेला हे लगेच पटलं, कारण ॲडमिट व्हायच्या आठवड्यात आत्याचं वजन वाढलं होतं आणि घरच्यांना वाटलं होतं की तब्येत सुधारली.

तक्त्यावर तारीख घाला

वर कोपऱ्यात तारीख आणि "डिस्चार्जनंतरचा" असं लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी हाच कागद खिळ्याला लटकत असतो आणि डॉक्टरांनी मधे दोनदा डोस बदललेला असतो. दुकानदारानं त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर रंग बदलतो आणि घरात भांडण होतं की "ही ती नव्हेच", म्हणून माझ्यासारख्या दुकानदाराला सरळ विचारा की आतलं औषध आणि मिग्रॅ तेच आहे काय, आणि पाकिटावर तक्त्यातलंच मराठी नाव लिहून घ्या. कधी ४० ची गोळी मिळत नाही आणि २० ची देतात, मग एकाच्या जागी दोन लागतात, तेवढी ओळ तक्त्यात लगेच बदला.

आणि महिन्याला एकदा गोळ्या मोजा. किती दिवस झाले, किती संपायला पाहिजे होत्या, किती शिल्लक. फरक पडला तर कुठली तरी वेळ कुणाला तरी नीट कळलेली नाही.

आत्याला दोन आठवड्यांनी तपासायला नेलं तेव्हा तक्ता आणि वजनाची वही बरोबर होती. डॉक्टरांनी वही बघून चार वाजताची लघवीची गोळी बंद केली आणि इन्सुलिन रात्रीचं सहावर आणलं. मी तिथंच बाकावर बसून नवीन कागद लिहिला, आतेभावानं डॉक्टरांना वाचून दाखवला, आणि घरी आल्यावर नातीनं खिळ्यावरचा जुना काढून नवीन लावला.